आयफेल बाहेरून की वरून?

दोन पत्रकं आहेत. दोन्हींवर आयफेल टॉवर आणि बर्फाचा डोंगर, दोन्हींत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स आणि रोम. दहा दिवस, नऊ रात्री. एका कंपनीचा भाव माणशी २,४९,००० रुपये, दुसरीचा २,९८,०००. मधल्या ४९,००० रुपयांत नेमकं काय येतं, हे साताऱ्यातल्या एका घराला ठरवायचं आहे. निवृत्त वडील, आई, आईची धाकटी बहीण आणि पुण्यात नोकरी करणारी मुलगी असे चौघं निघालेत. वडिलांनी दोन्ही कंपन्यांच्या ऑफिसात जाऊन पत्रकांचे फोटो काढले आणि मुलीला पाठवले. मावशी स्वतःची एफडी मोडून येणार आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "पैसे माझे जाणार, तर मला मराठीत वाचता आलं पाहिजे. तू नुसतं 'चांगलं आहे' म्हणू नकोस."

हे घर मी समजावून सांगण्यासाठी उभं केलं आहे, आणि हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. पत्रकांची भाषा मात्र अशीच असते, आणि ती मराठीत आणताना होणारे घोटाळेही हेच असतात.

पहिला घोटाळा फोटोतच होतो. कार्यक्रम-पत्रिका रंगीत पानांवर मोठ्या अक्षरात असते, तिचे फोटो सगळे काढतात. काय मिळणार नाही, ते शेवटच्या पानावर राखाडी बारीक अक्षरात असतं आणि ते पान हमखास राहून जातं. वडिलांचंही राहिलं होतं. त्यातून व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, त्यामुळे बारीक अक्षर फुटतं. कार्यक्रमात 'टिटलिस'च्या नावापुढे एक फुली असते, तिची तळटीप पानाच्या अगदी खाली असते, आणि फुटलेल्या फोटोत ती फुली दिसतच नाही. म्हणून पत्रक टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, बरोबर वरून, पान क्रमांकासकट फोटो घ्यावा. बारीक मजकुराचा वेगळा, जवळून घ्यावा. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे तो आहे तसाच जातो.

दुसरा घोटाळा फोनमधलं ॲप फोटोवरची अक्षरं वाचतं तेव्हा होतो. शेवटच्या पानावर सहसा दोन रकाने शेजारी शेजारी असतात, डावीकडे किमतीत काय आहे आणि उजवीकडे काय नाही. ॲप कधी कधी माणसासारखं रकान्यातून खाली न उतरता ओळ सरळ आडवी वाचत जातं. मग डावीकडचं 'रोजची न्याहारी' आणि उजवीकडचं 'व्हिसा शुल्क' एका वाक्यात येतात, आणि व्हिसा फुकट असल्यासारखा वाटतो. असं झालंय का, ते ओळखायची खूण सोपी आहे: एकाच यादीत जेवण, विमा, टिप, बस, कर असं सगळं सरमिसळ आलं असेल, तर रकाने एकमेकांत गेलेत. अशा वेळी प्रत्येक रकान्याचा फोटो वेगळा कापून घ्यावा. रंगाचंही तसंच. पुष्कळ पत्रकांत जादा पैशांच्या गोष्टी तिरप्या निळ्या अक्षरात छापतात. मजकूर उचलला की रंग जातो आणि सगळी वाक्यं एकसारखी दिसायला लागतात. जेवणाची चमचा-काट्याची चित्रंही अशीच गळतात.

मजकूर हाती आल्यावर खरं काम सुरू होतं. स्वस्त पत्रकातला पॅरिसचा दिवस ॲपनं मराठीत असा आणला: "पॅरिसच्या अभिमुखता सहलीला निघा. प्रतिष्ठित आयफेल टॉवर येथे फोटो थांबा. नंतर तुम्ही सीन नदीवरील रोमँटिक समुद्रपर्यटनाची निवड करू शकता." नदीत समुद्रपर्यटन कसं, हे मावशींनी लगेच विचारलं, आणि त्यावर सगळे हसले. पण खरी अडचण त्या समुद्रात नाही. हे वाचून आयफेलवर जायचं आहे की नाही, हे कळत नाही.

मुलीनं तो दिवस पुन्हा लिहिला: "बसमध्ये बसून पॅरिस बघायचं, महत्त्वाच्या जागा खिडकीतून. आयफेलजवळ खाली उतरून फोटो काढायचे. वर जाणं नाही, तिकीट नाही. सीन नदीतली बोटीची फेरी हवी असेल तर पैसे वेगळे." महागड्या पत्रकातला तोच दिवस असा झाला: "गाइडसोबत बसमधून पॅरिस. आयफेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टनं. तिकीट पैशांत आलं. सर्वांत वरचा मजला नाही. बोटीची फेरी पैशांत आली." दुसरा मजला जमिनीपासून ११६ मीटरवर आहे, सर्वांत वरचा २७६ मीटरवर, आणि दोन्हींची तिकिटं वेगळी असतात. 'आयफेल टॉवर भेट' एवढंच लिहिलं असेल तर कुठला मजला, हा प्रश्न उरतोच.

सगळ्या पत्रकांत क्रियापदांची एक उतरंड असते आणि किंमत तिच्यावर ठरते. 'पॅनोरॅमिक' किंवा 'ड्राइव्ह पास्ट' म्हणजे बस थांबतच नाही. 'ओरिएंटेशन टूर' म्हणजे शहराची बसमधून तोंडओळख, सोबत तुमचा टूर मॅनेजर. तिथला परवानाधारक गाइड असेलच असं नाही. 'फोटो स्टॉप' म्हणजे थोडा वेळ खाली उतरायचं. 'व्हिजिट' हा सगळ्यांत फसवा शब्द, कारण तो आत जाण्यालाही वापरतात आणि अंगणात उभं राहण्यालाही. खात्रीचा शब्द एकच, 'एंट्री' किंवा 'तिकीट इन्क्लुडेड'. 'यू मे', 'यू कॅन', 'वुड यू लाइक टू' अशानं सुरू होणारं वाक्य कितीही लडिवाळ असलं, तरी त्याचा मराठी अर्थ 'पैसे वेगळे' एवढाच आहे. आणि 'ॲट लेझर' म्हणजे त्या वेळात कंपनी तुमच्यासाठी काहीच करणार नाही, जेवणसुद्धा नाही. हे सगळे शब्द मराठीत 'भेट देऊ', 'आनंद घेऊ' यांतच बसवले, तर दोन्ही पत्रकं एकसारखी होतात आणि तुलना तिथेच संपते.

'व्हिजिट'चं उत्तम उदाहरण रोमला मिळतं. दोन्ही पत्रकांत व्हॅटिकन सिटीची 'व्हिजिट' आहे. आता सेंट पीटर्स बॅसिलिका या मोठ्या चर्चमध्ये जायला तिकीट लागत नाही. सुरक्षा तपासणीची रांग लावून कुणीही आत जाऊ शकतो. मायकेलअँजेलोनं रंगवलेलं छत मात्र सिस्टाइन चॅपेलमध्ये आहे, आणि तिथे व्हॅटिकन म्युझियमच्या तिकिटातूनच जावं लागतं. म्हणजे 'व्हॅटिकनची व्हिजिट' हे वाक्य एक पैसाही खर्च न करता खरं ठरतं. आईंना ते छत बघायचं होतं. दोन्ही कंपन्यांना विचारल्यावर दोन्हींचं उत्तर एकच आलं: म्युझियम नाही. फरक ४९,००० रुपयांचा, पण या बाबतीत दोन्ही पत्रकं सारखीच. पिसालाही असंच आहे. हिरवळीवर उभं राहून मनोऱ्याला हाताचा टेकू दिल्याचा फोटो फुकट निघतो, मनोरा चढायला तिकीट लागतं. आणि आठवड्याचा वार बघायला विसरू नये. लूव्र मंगळवारी बंद असतं. व्हॅटिकन म्युझियम महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं. पत्रकावर फक्त 'दिवस ३', 'दिवस ९' असं असतं, वार आपणच निघायच्या तारखेवरून मोजायचा.

वडिलांना एक गोष्ट खटकली. पॅरिसची रात्रीची रोषणाई दोन्ही पत्रकांत 'ऑप्शनल' होती. "बस तर आपलीच आहे, मग रात्री फिरवायचे पैसे कसले?" याचं कारण युरोपातल्या बसचालकांच्या कामाच्या तासांत आहे. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार चालकाला दिवसाला नऊ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते. रोज सलग अकरा तासांची सुट्टी लागते. ती नऊ तासांवर आणायची मुभा आहे, पण मोजक्याच वेळा. बसमध्ये याची नोंद आपोआप होते आणि मोडल्यास दंड बसतो. सकाळी आठला निघालेली बस रात्री जेवणानंतर हॉटेलवर सोडून मोकळी होते, ती म्हणूनच. रोषणाई बघायची तर दुसरी गाडी आणि दुसरा चालक, आणि त्याचे पैसे. महाराष्ट्रातून काशी-रामेश्वर बसनं केलेल्या माणसाला हे पचत नाही, पण इथे कंपनीचा लबाडपणा नाही. उलट एखाद्या पत्रकात सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकाच बसनं भरगच्च कार्यक्रम दिसला, तर त्यातलं काहीतरी गळणार हे धरून चालावं.

हॉटेलांच्या ओळी मुलीनं वेगळ्या काढल्या. स्वस्त पत्रकात 'व्हेनिस परिसर, अमुक हॉटेल ऑर सिमिलर' असं होतं. व्हेनिस बेटांवर आहे, आणि ग्रुपची हॉटेलं सहसा खाडीअलीकडच्या मेस्त्रेला किंवा आणखी आत पादुआच्या बाजूला असतात. रात्रीचं व्हेनिस दिसेल अशी आस मावशींना होती. दोन्ही पत्रकांत ते नव्हतं. 'ऑर सिमिलर'चं मराठी तिनं 'किंवा तसंच दुसरं' असं केलं आणि कंसाबाहेर, शेजारीच प्रश्न लिहिला: दर्जा तोच की अंतरही तेवढंच? खोल्यांचा प्रश्न या चौघांना सुटा होता, कारण भाव 'दोघांत एक खोली' या हिशोबाचा असतो आणि यांच्या दोन खोल्या सरळ होतात. तीन माणसं असतील तर तिसऱ्याला मिळणारी खाट बहुधा घडीची किंवा सोफ्याची असते, आणि एकट्या माणसाला खोलीचा फरक भरावा लागतो. तो आकडा पत्रकाच्या किमतीच्या कोष्टकात असतो, कार्यक्रमात नसतो.

एवढं झाल्यावर तिनं एक कागद आखला. दिवसवार भाषांतर आईवडिलांना वाचायला ठेवलं, पण तुलनेसाठी हा कागद. चार रकाने, मावशींना कळतील अशा नावांचे: 'पैशांत आलं', 'तिकडे रोख द्यायचं', 'हौस असेल तर' आणि 'कुठेच नाही'. नियम एकच. दोन्ही पत्रकांतली प्रत्येक गोष्ट यांपैकी एकाच रकान्यात गेली पाहिजे. कुठे घालावी हे ठरत नसेल, तर भाषांतर अजून झालेलं नाही. पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह टाकून कंपनीला विचारायचं. पहिल्या दिवशी अशी बरीच प्रश्नचिन्हं पडली. चौथा रकाना पत्रकात नसतो, तो आपणच करायचा असतो, कारण पत्रक जे देत नाही त्यातलं बरंच 'नाही' असंही म्हणत नाही. सिस्टाइन चॅपेल त्यातच गेलं.

'तिकडे रोख द्यायचं' हा रकाना बघून वडील चमकले. स्वस्त पत्रकात ड्रायव्हर आणि टूर मॅनेजरची टिप माणशी रोज ४ युरो, नऊ दिवसांची. पॅरिस आणि इटलीतल्या हॉटेलांत शहराचा मुक्काम-कर, माणशी, दर रात्रीचा. तो पाहुण्यानं काउंटरवर भरायचा. महागड्यात टिप आत होती, मुक्काम-कर बाहेरच. जेवणाचा फरक आणखी मोठा निघाला. न्याहारी दोन्हींत रोज. दुपारचं जेवण दोन्हींत नाही, त्यामुळे तो आकडा दोन्हीकडून सोडून दिला. रात्रीची भारतीय जेवणं महागड्यात नऊच्या नऊ, स्वस्तात फक्त चार. पत्रकावर ही पाच जेवणं कुठेही 'नाही' म्हणून लिहिलेली नव्हती. रोजच्या मथळ्याशेजारची 'बी', 'एल', 'डी' ही अक्षरं मोजली, तेव्हा ती सापडली.

व्हिसाचं पाहू. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. त्यावर अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, आणि कमीत कमी ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-विमा सक्तीचा. स्वस्त पत्रकात हे सगळं बाहेर, महागड्यात आत. सहलीवरचा ५ टक्के जीएसटी दोन्हींत बाहेर.

आता हिशोब. युरो १०० रुपयांचा आणि स्विस फ्रँक ११० रुपयांचा धरू. जाताना खरा दर आणि बँकेची कापणी वेगळी पडेल, पण तुलनेला एकच दर दोन्हीकडे लावला की झालं. स्वस्त सहल माणशी २,४९,०००. त्यावर जीएसटी १२,४५०. व्हिसा आणि विमा मिळून १३,०००. पाच जेवणं वीस युरोप्रमाणे १०,०००. टिप ३,६००. मुक्काम-कर अंदाजे ३,०००. आता 'हौस असेल तर'मधल्या ज्या गोष्टी महागड्या सहलीत आत आहेत त्या: आयफेलचा दुसरा मजला ४५ युरो, सीनची बोट २०, व्हेनिसचा गोंडोला ३५, म्हणजे शंभर युरोंचे १०,००० रुपये, आणि युंगफ्राउयोखची रेल्वे २०० फ्रँकप्रमाणे २२,०००. सगळं मिळून माणशी ३,२३,०५०.

महागडी सहल २,९८,०००, जीएसटी १४,९००, मुक्काम-कर ३,०००. एकूण ३,१५,९००.

म्हणजे ४९,००० नं स्वस्त दिसणारी सहल ७,१५० नं महाग निघाली. टीसीएस हा कर मुद्दाम दोन्हीकडे धरला नाही. परदेश सहलीवर कंपनी तो कापून तुमच्या पॅनवर जमा करते आणि विवरणपत्र भरताना तो वळता होतो, किंवा परत मिळतो. खर्च म्हणून तो शून्य आहे, पण पैसे काही महिने अडकतात. त्याचे दर आणि मर्यादा वारंवार बदलल्या आहेत: ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरच्या रकमेला २० टक्के झाले, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली. म्हणून बुकिंगच्या वेळचा दर विचारून घ्यावा, आणि चौघांचे पैसे एकाच पॅनवर भरायचे की आपापल्या, हेही आधीच ठरवावं. मावशींना एफडीच्या व्याजाचं विवरणपत्र भरावंच लागतं, त्यांचा प्रश्न नव्हता.

इथवर आलेला माणूस सहसा महागडी सहल घेऊन मोकळा होतो. 'सगळं आत' हे ऐकायला बरं वाटतं, आणि पर्यटनाच्या धंद्यातले लोकही तेच सुचवतात. माझं मत थोडं वेगळं आहे. 'ऑप्शनल' हा शब्द नेहमी सापळा नसतो. ज्या घरात साठीच्या पुढची माणसं आहेत, त्या घरात तो सोयीचाही पडतो.

युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यातून गाडी वर जाते आणि खालच्या गावातून निघालेला माणूस एका सकाळीत त्या उंचीवर पोचतो. तिथे हवा विरळ असते. धाप लागते, काहींचं डोकं दुखतं. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली, मावशींना दम्याचा त्रास. डॉक्टरांनी दोघांनाही वर जाऊ नका असं सांगितलं. टिटलिसच्या फिरत्या केबल कारचं वरचं ठाणं ३,०२० मीटरवर आहे, ते दोन्ही सहलींत आत होतं. त्याबद्दल डॉक्टर म्हणाले, वर जाऊन थोडा वेळ थांबा, त्रास वाटला तर लगेच खाली या. शिवाय वडील आणि मावशी गोंडोलात बसायला तयार नव्हते. डुगडुगणाऱ्या होडीत गुडघे दुमडून बसायची दोघांनाही धास्ती.

आता चौघांचा हिशोब पुन्हा. स्वस्त सहल चौघांची १२,९२,२००. त्यातून दोघांचं युंगफ्राउयोख ४४,००० वजा, दोघांचा गोंडोला ७,००० वजा. राहिले १२,४१,२००. महागड्या सहलीचे चौघांचे १२,६३,६००, आणि वर न जाणाऱ्याला त्यातलं काही परत मिळत नाही. तसं तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे. आता स्वस्त सहल खरोखरच २२,४०० नं स्वस्त झाली. पत्रकं तीच, फक्त जाणारी माणसं हिशोबात आली. म्हणून ऑप्शनल गोष्टींच्या रकान्यात प्रत्येकाच्या नावाची अक्षरं लिहायची आणि ज्याला जे हवं तिथेच खूण करायची. शेजाऱ्यांनी केलेली तुलना आपल्याला उपयोगी पडत नाही, ती यामुळे.

ऑप्शनलचे भावही डोळे झाकून घेऊ नयेत. व्हेनिसमध्ये गोंडोल्याचा दर महापालिकेनं ठरवलेला आहे: २०२३ च्या नोव्हेंबरपासून दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, रात्री जास्त. हा दर होडीचा आहे, माणशी नाही, आणि एका होडीत पाच जण बसतात. पत्रकातला माणशी ३५ युरोंचा भाव चौघांना १४० पडतो. चौघंच जाऊन घाटावर होडी ठरवली तर ९० मध्ये काम होतं. पण इथे आई आणि मुलगी दोघीच जाणार. त्यांना कंपनीचे ७० स्वस्त. आयफेलचं उलट आहे. तिथली तिकिटं आधीच संपतात, आणि ग्रुपच्या वेळेत आपली स्वतंत्र वेळ बसवणं कठीण. तिथे कंपनीकडूनच घ्यावं, चार युरो जास्त गेले तरी.

ऑप्शनलमध्ये आणखी दोन अटी दडलेल्या असतात. एक, ठरावीक माणसं जमली तरच ती गोष्ट होते. दोन, जे जाणार नाहीत त्यांचं काय करायचं. युंगफ्राउयोखला अख्खा दिवस जातो. बस ग्रुपला डोंगराच्या पायथ्याशी सोडते. उरलेल्यांना कुठे ठेवते, हे स्वस्त पत्रकात एका शब्दानंही नव्हतं. आईनं विचारलं, "म्हणजे हे दोघं दिवसभर बसस्टॉपवर बसणार की काय?" प्रश्न रास्त होता.

मुलीनं उरलेली प्रश्नचिन्हं एका ईमेलमध्ये उतरवली, साध्या वाक्यांत, क्रमांक घालून, दोन्ही कंपन्यांना तेच: आयफेलचा कुठला मजला; व्हेनिसचं हॉटेल कुठल्या गावात; बसधक्क्यापासून सेंट मार्क चौकापर्यंतची मोटरबोट पैशांत आहे का; युंगफ्राउयोखला किमान किती माणसं लागतात आणि न जाणाऱ्यांची सोय काय; टिटलिस हवेमुळे बंद राहिलं तर बदली काय किंवा किती परत; छापलेला भाव आमच्याच तारखेचा आहे की 'पासून' सुरू होणारा; व्हिसा नाकारला गेला तर किती कापणार. महागड्या कंपनीच्या माणसानं फोन करून सगळ्याला "हो, होईल" म्हटलं. मुलीनं त्याला तेच ईमेलवर लिहून मागितलं. पत्रकात 'कार्यक्रमात बदल होऊ शकतो' हे वाक्य छापलेलं असताना फोनवरच्या 'होईल'ला वजन नसतं. लेखी उत्तर आलं, त्यात तारखेचा भाव माणशी ६,००० नं जास्त होता. मे महिना, शाळांची सुट्टी.

स्वस्त कंपनीनं दोन दिवसांनी मुद्देसूद लिहिलं. मोटरबोट पैशांत आहे. युंगफ्राउयोखला किमान पंधरा जण लागतात. जे जाणार नाहीत त्यांना सकाळी इंटरलाकेनला सोडतील आणि संध्याकाळी तिथूनच घेतील. दुपारचं जेवण आणि गावातला खर्च त्यांचा त्यांनी करायचा. मे महिन्याचा भाव छापलेलाच आहे. व्हिसा नाकारला गेला तर व्हिसाशुल्क आणि विमानाच्या तिकिटाची कापणी जाईल, बाकी परत.

मुलीनं ते उत्तर मराठीत करून कागदाला टाचलं. 'तिकडे रोख द्यायचं'मध्ये वडील आणि मावशींच्या नावापुढे इंटरलाकेनचं एक जेवण वाढवलं, दोघांचे मिळून पन्नास फ्रँक, म्हणजे ५,५००. मे महिन्याच्या भावातला फरक धरला तरी स्वस्त सहलच पुढे राहिली. मावशींनी चष्मा लावून सगळे रकाने वरपासून खालपर्यंत वाचले आणि 'कुठेच नाही'वर बोट ठेवलं. "हे रंगवलेलं छत तुझ्या आईला बघायचंय ना? मग रोमचा तो मोकळा अर्धा दिवस कुठल्या वारी येतो, ते आधी बघ." तो गुरुवार होता. म्युझियमची दोन तिकिटं स्वतंत्र काढायची, असं ठरलं.